जुलैला किती माल लागेल?

मूव्हिंग अ‍ॅव्हरेजने उत्तर ४३ येतं आणि एक्स्पोनेन्शिअल स्मूदिंगने ४२.४६. आकडे तेच, महिने तेच, कॅल्क्युलेटरही तोच. मग खरं उत्तर कोणतं? ऑपरेशन्स मॅनेजमेंटचा पेपर देणाऱ्या मुलांना हा प्रश्न हमखास पडतो. वर्गात तो फारसा कुणी विचारत नाही, कारण गणित सुटलेलं असतं, मार्क मिळणार असतात आणि पुढे इन्व्हेंटरीचं प्रकरण वाट पाहत असतं. पण या एका प्रश्नाला धरून बसलं तर दोन्ही पद्धती आतून कशा चालतात ते कळतं. मुलांचे मार्क नेमके कुठे जातात तेही दिसतं.

या प्रकरणात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतलं आहे.

१. वाळूजमधलं एक प्रेस शॉप

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, अहिल्यानगरच्या रस्त्यावर वाळूजची एमआयडीसी आहे. बजाज ऑटोचा कारखाना तिथे १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची वस्ती उभी राहिली. पत्र्याचे भाग ठोकणारं प्रेस शॉप, रबराचे भाग, प्लेटिंग, पेंटिंग, टर्निंग असं बरंच काही या शेडमध्ये चालतं. इथला छोटा उद्योजक स्वतःला ‘व्हेंडर’ म्हणवतो, मोठ्या कारखान्याला नुसतं ‘कंपनी’ म्हणतो आणि त्याचा महिना कंपनीच्या ‘शेड्यूल’वर चालतो.

अडचण अशी की शेड्यूल हातात येईपर्यंत थांबून चालत नाही. पत्र्याची कॉइल त्याआधी मागवावी लागते, तिचे पैसे अडकतात, माणसं ठरवावी लागतात. कमी माल केला तर कंपनीची लाइन थांबण्याची भीती, जास्त केला तर शेडमध्ये गंजणारा साठा. म्हणून ‘पुढच्या महिन्यात अंदाजे किती?’ या प्रश्नाचं उत्तर व्हेंडरला शेड्यूलच्या आधीच लागतं.

समजा, अशाच एका प्रेस शॉपमधून मोटारसायकलचा एक ब्रॅकेट जातो. हे दुकान आणि त्याचे आकडे उदाहरणापुरते रचलेले आहेत, पण विद्यापीठाच्या पेपरात असतं तेवढंच त्यांचं रूप साधं ठेवलं आहे. सहा महिन्यांची मागणी हजार नगांत अशी: जानेवारी ४०, फेब्रुवारी ४४, मार्च ४२, एप्रिल ४६, मे ३८, जून ४५. जुलैचा अंदाज हवा आहे.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ‘मागणी’ म्हणजे ग्राहकाने मागितलेला माल. दुकानातून बाहेर गेलेला माल म्हणजे ‘डिस्पॅच’. मे महिन्यात मशीन बंद पडून मागितलेल्या ४४ पैकी ३८ हजारच गेले असतील, तर मागणी ४४ धरायची, ३८ नाही. परीक्षेत हा घोळ होत नाही, कारण कोष्टकाच्या डोक्यावर ‘डिमांड’ असं छापलेलं असतं. प्रत्यक्ष दुकानात मात्र डिस्पॅचचं रजिस्टरच हाताशी असतं आणि त्याच आकड्यांवर अंदाज बांधला जातो. मग ज्या महिन्यात आपण कमी पडलो, त्यानंतरचा अंदाजही कमीच येतो.

२. सरासरी सोपी, जागा अवघड

मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, म्हणजे चल सरासरी. तीन महिन्यांची घ्यायची तर शेवटच्या तीन महिन्यांच्या मागणीची बेरीज करून तिनाने भागायचं. नवा महिना आला की सर्वांत जुना महिना बाहेर काढायचा. जानेवारी, फेब्रुवारी, मार्चची सरासरी (४० + ४४ + ४२) ÷ ३ = ४२. पुढची ४४, त्यापुढची ४२ आणि शेवटची, एप्रिल ते जूनची, (४६ + ३८ + ४५) ÷ ३ = ४३.

इथवर सहावीतल्या मुलालाही जमेल. खरी गंमत पुढे आहे: हा ४२ कोणत्या महिन्यासमोर लिहायचा?

बी.कॉम.ला संख्याशास्त्र शिकून आलेली मुलं तो फेब्रुवारीसमोर लिहितात. त्यात त्यांचा दोष नाही. तिथे मूव्हिंग अ‍ॅव्हरेज शिकवतात ती कल समजण्यासाठी, म्हणजे होऊन गेलेल्या आकड्यांमधला चढउतार पुसून मूळ प्रवाह पाहण्यासाठी. त्या कामाला सरासरी मधल्या महिन्यासमोरच शोभते. ऑपरेशन्सच्या पेपरात मात्र काम वेगळं आहे. इथे मार्च संपल्यावर, ३१ तारखेच्या संध्याकाळी, माणूस पुढे पाहतो आहे. त्याच्या हातात मार्चपर्यंतचे आकडे आहेत आणि त्याला एप्रिल हवा आहे. म्हणून ४२ एप्रिलसमोर.

ही जागा चुकली तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. समजा एखाद्याने घाईत सरासरी मार्चसमोर लिहिली आणि तशीच खाली उतरवत गेला. मग मार्चला मागणी ४२, अंदाज ४२, चूक शून्य. एप्रिलला ४६ विरुद्ध ४४, चूक २. मेला ३८ विरुद्ध ४२, चूक ४. जूनला ४५ विरुद्ध ४३, चूक २. चुकांची सरासरी फक्त २! योग्य जागी लिहिल्यावर हीच सरासरी ४.३३ येते, हे पुढे दिसेलच. म्हणजे चुकीच्या जागेने अंदाज दुपटीहून चांगला दिसू लागतो. कारण उघड आहे. मार्चचा अंदाज काढायला मार्चची मागणीच वापरली, पेपर फुटल्यावर परीक्षा दिल्यासारखी. जुलैचं उत्तर दोन्हीकडे ४३ हजारच निघतं, त्यामुळे चूक लपते. ती पकडायची तर मधल्या ओळी तपासाव्या लागतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: तीन महिन्यांची सरासरी असेल तर पहिल्या तीन महिन्यांसमोरचा रकाना रिकामा असलाच पाहिजे. पाच महिन्यांची असेल तर पाच घरं रिकामी.

वेटेड मूव्हिंग अ‍ॅव्हरेज हा याचाच भाऊ, त्याला फार वेळ द्यायची गरज नाही. ताज्या महिन्याला जास्त वजन, जुन्याला कमी. ०.५, ०.३, ०.२ ही वजनं असतील तर जुलैसाठी ०.५ × ४५ + ०.३ × ३८ + ०.२ × ४६ = ४३.१. सर्वांत मोठं वजन जूनला जातं, एप्रिलला नाही. प्रश्नात वजनं कोणत्या क्रमाने दिली आहेत ते नीट वाचायचं. वजनं ३, २, १ अशी दिली असतील तर शेवटी त्यांच्या बेरजेने, सहाने, भागायला विसरायचं नाही.

३. माठातलं पाणी

मूव्हिंग अ‍ॅव्हरेजचा स्वभाव जरा तुटक आहे. जुलैसाठी एप्रिलला पूर्ण एक तृतीयांश मान आणि मार्चला शून्य. कालपर्यंत हिशेबात असलेला महिना आज एकदम बाहेर. जुन्या माहितीची किंमत इतकी अचानक संपते का?

एक्स्पोनेन्शिअल स्मूदिंगमध्ये ती हळूहळू कमी होते. कशी, ते समजायला माठ बरा. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येतं, तिथे साठवलेल्या पाण्यात नवं पाणी मिसळण्याचं गणित कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माठात दहा तांबे पाणी आहे. रोज तीन तांबे काढायचे आणि तीन ताजे ओतायचे. आज ओतलेल्या तीन तांब्यांपैकी उद्या ताजं पाणी ओतल्यावर २.१ तांबे उरतील, परवा १.४७. ते कधीच पूर्ण संपत नाहीत, पण दर दिवशी त्यांचा वाटा घटत जातो. माठातलं मिश्रण म्हणजे आपला अंदाज, ताजं पाणी म्हणजे नुकत्याच संपलेल्या महिन्याची मागणी आणि दहातले तीन तांबे म्हणजे आल्फा, इथे ०.३.

सूत्र असं:

F(t+1) = F(t) + α [D(t) − F(t)]

F म्हणजे अंदाज, D म्हणजे प्रत्यक्ष मागणी. साध्या शब्दांत: नवा अंदाज म्हणजे जुना अंदाज, अधिक जुन्या अंदाजात झालेल्या चुकीचा काही हिस्सा. चूक ४ हजारांची झाली आणि आल्फा ०.३ असेल तर अंदाज १.२ हजारांनी सरकवायचा. पूर्ण ४ ने सरकवला तर दर महिन्याच्या उड्यांमागे धावणं झालं; अजिबात सरकवला नाही तर डोळे मिटून बसणं झालं. पुस्तकात हेच सूत्र α × मागणी + (१ − α) × जुना अंदाज असंही दिलेलं असतं. उत्तर तेच येतं, पण या दुसऱ्या रूपात मुलं घाईत ०.३ अंदाजाला आणि ०.७ मागणीला लावून बसतात. ‘चुकीचा हिस्सा’ हे रूप डोक्यात असेल तर असा उलटा गुणाकार होत नाही.

या पद्धतीचा इतिहास युद्धातला आहे. रॉबर्ट ब्राउन हा अमेरिकन गणिती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलासाठी काम करत होता आणि पाणबुडीवर नेम धरायचा तर ती पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज काढण्याच्या यंत्राशी त्याच्या कल्पनेचा संबंध होता. पुढे पन्नासच्या दशकात त्याने तीच कल्पना नौदलाच्या सुट्या भागांच्या मागणीला लावली; १९५९ मध्ये साठा नियंत्रणासाठीच्या अंदाजांवरचं त्याचं पुस्तक आलं. हजारो सुट्या भागांचे अंदाज ठेवायचे होते, आणि त्या काळच्या संगणकांची स्मृती तोकडी होती. बारा महिन्यांच्या मूव्हिंग अ‍ॅव्हरेजला प्रत्येक भागासाठी बारा आकडे जपून ठेवावे लागतात. स्मूदिंगला एकच, शेवटचा अंदाज. मागचा सगळा इतिहास त्या एका आकड्यात मुरलेला असतो. पद्धत लोकप्रिय झाली त्यात या काटकसरीचा वाटा मोठा आहे.

४. पहिला अंदाज आणायचा कुठून?

आता आपलं गणित. सूत्राला जुना अंदाज लागतो, पण जानेवारीच्या आधीचा अंदाज कुणी दिलेला नाही. प्रश्नात ‘जानेवारीचा अंदाज अमुक होता’ असं दिलं असेल तर तोच घ्यायचा, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. दिला नसेल तर रूढी अशी की जानेवारीचा अंदाज जानेवारीच्या मागणीइतकाच धरायचा, ४०, आणि ते उत्तरात एका ओळीत लिहून टाकायचं. ती ओळ नसेल तर तपासणाऱ्याला कळत नाही की ४० कुठून आला.

मग महिने असे उतरतात. जानेवारीत चूक शून्य, म्हणून फेब्रुवारीचा अंदाज ४०. फेब्रुवारीत मागणी ४४, चूक ४; मार्चचा अंदाज ४० + ०.३ × ४ = ४१.२. मार्चमध्ये चूक ०.८, एप्रिलचा अंदाज ४१.४४. एप्रिलला मागणी ४६, चूक ४.५६, मेचा अंदाज ४२.८१. मेमध्ये मागणी कोसळून ३८ झाली, चूक उणे ४.८१, जूनचा अंदाज खाली येऊन ४१.३७. जूनमध्ये चूक ३.६३, आणि जुलैचा अंदाज ४२.४६.

सगळं एकत्र मांडलं तर:

| महिना | मागणी | ३ महिन्यांची सरासरी | स्मूदिंग (०.३) |
|---|---|---|---|
| जानेवारी | ४० | – | ४०.०० |
| फेब्रुवारी | ४४ | – | ४०.०० |
| मार्च | ४२ | – | ४१.२० |
| एप्रिल | ४६ | ४२ | ४१.४४ |
| मे | ३८ | ४४ | ४२.८१ |
| जून | ४५ | ४२ | ४१.३७ |
| जुलै | ? | ४३ | ४२.४६ |

सुरुवातीचा ४० हा तर आपणच धरलेला आकडा. तो चुकीचा असेल तर? समजा तो ४५ धरला. पाच हजारांचा फरक दर महिन्याला सात दशांश होत जातो, आणि सहा महिन्यांनी त्यातला जेमतेम ०.५९ उरतो, जुलैचा अंदाज ४२.४६ ऐवजी ४३.०४ येईल. जुनं पाणी बऱ्यापैकी वाहून गेलेलं असतं. पण आल्फा ०.१ असता तर त्याच पाचातले २.६६ अजून माठात राहिले असते. म्हणून आल्फा लहान आणि महिने थोडे असतील तेव्हा सुरुवातीच्या आकड्याकडे जरा संशयाने पाहिलेलं बरं.

५. जिंकलं कोण?

प्रश्नाचा शेवटचा भाग बहुतेक वेळा असा असतो: ‘मॅड काढून कोणती पद्धत चांगली ते सांगा.’ मॅड म्हणजे मीन अ‍ॅब्सोल्यूट डेव्हिएशन. प्रत्येक महिन्याची चूक घ्यायची, अधिक-उणे चिन्ह विसरायचं आणि सरासरी काढायची. चिन्ह विसरायचं कारण असं की एप्रिलचे अधिक चार आणि मेचे उणे सहा एकमेकांना खाऊन टाकतात आणि अंदाज फार अचूक होता असा भास होतो.

मूव्हिंग अ‍ॅव्हरेजच्या चुका: एप्रिल ४, मे ६, जून ३. बेरीज १३, तिनाने भागून मॅड ४.३३.

स्मूदिंगच्या चुका फेब्रुवारीपासून: ४, ०.८, ४.५६, ४.८१, ३.६३. बेरीज १७.८०, पाचाने भागून मॅड ३.५६.

निकाल? स्मूदिंग जिंकलं, असं लिहून बहुतेक मुलं पान उलटतात. हिशेब बरोबर आहे आणि निकाल मात्र अन्यायाचा आहे. स्मूदिंगला फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांचीही धाव मिळाली, त्यातला मार्च तर फारच सोपा, चूक जेमतेम ०.८. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज त्या दोन महिन्यांत मैदानातच नव्हतं. तुलना करायची तर दोघंही हजर होते त्याच महिन्यांची, म्हणजे एप्रिल, मे, जूनची. स्मूदिंगच्या त्या तीन चुका ४.५६, ४.८१ आणि ३.६३. बेरीज १३.००, मॅड ४.३३.

दोघं बरोबरीत! दुसऱ्या दशांशापर्यंत बरोबरीत.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ४३ आणि ४२.४६ यांतलं ‘खरं’ असं काही नाही. दोन्ही पद्धती मागच्या तीन महिन्यांत सरासरी सव्वाचार-साडेचार हजारांनी चुकल्या आहेत. ज्यांची चूक चार हजारांची, त्यांच्यातल्या अर्ध्या हजाराच्या फरकावर भांडायचं कशाला? व्हेंडरला उपयोगी माहिती आहे ती हीच: ‘त्रेचाळीस हजारांच्या आसपास, पण चार-पाच हजार इकडेतिकडे होतील याची तयारी ठेवा.’ नुसता ४३ सांगणं म्हणजे अर्धंच उत्तर.

तरी दोघांचे अंदाज वेगळे का आले, याचं कारण आहे. तीन महिन्यांची सरासरी आणि ०.३ चा आल्फा हे सारख्या चपळाईचे नाहीत. दोघांना एका वेगाने चालवायचं असेल तर आल्फा = २ ÷ (महिने + १) असं एक नातं वापरतात. तीन महिन्यांसाठी ते ०.५ येतं. ०.५ घेऊन वरचंच गणित पुन्हा केलं तर अंदाज ४०, ४२, ४२, ४४, ४१ असे उतरत जुलैला ४३ येतो, मूव्हिंग अ‍ॅव्हरेजइतकाच. इतकं तंतोतंत जुळणं हा या आकड्यांचा योगायोग, पण जवळ येणं हा नियम. उलट ०.३ म्हणजे सुमारे साडेपाच महिन्यांची सरासरी. ती मेच्या घसरणीला आणि जूनच्या उसळीला दोन्हीला कमी दाद देते.

मोठा आल्फा चपळ, लहान आल्फा संथ. मागणी खरोखर बदलत असेल तर चपळाई उपयोगी पडते. ती नुसती थरथरत असेल तर चपळ अंदाजही तिच्यासोबत थरथरतो आणि कॉइलची ऑर्डर दर महिन्याला वरखाली होत राहते.

६. मागणी चढतच राहिली तर

आता उदाहरण थोडं बदलू. गाडी खपू लागली आणि ब्रॅकेटची मागणी दर महिन्याला दोन हजारांनी वाढते आहे: ४०, ४२, ४४, ४६, ४८, ५०. यात काहीच गूढ नाही, शाळकरी मूलही पुढचा आकडा ५२ सांगेल. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज मात्र (४६ + ४८ + ५०) ÷ ३ = ४८ सांगते. चार हजार कमी. एप्रिललाही चार कमी, मेलाही चार कमी, दर महिन्याला बरोबर चार. सरासरी ही मागच्या आकड्यांच्या मधोमध असते, सर्वांत ताज्या आकड्याच्याही मागे. चढत्या मागणीला ती कधीच गाठू शकत नाही. स्मूदिंगची अवस्था आणखी वाईट. ते स्थिरावल्यावर वाढ भागिले आल्फा इतकं मागे राहतं, म्हणजे २ ÷ ०.३, जवळजवळ ६.६७ हजार.

हे ओळखायचं कसं? चुकांच्या चिन्हांवरून. मूळ उदाहरणात चुका अधिक ४, उणे ६, अधिक ३ होत्या. अंदाज कधी वर, कधी खाली, हे निरोगी लक्षण. चढत्या उदाहरणात सगळ्या चुका अधिक. मॅड दोन्हीकडे चारच्या आसपास आहे, त्यामुळे नुसत्या मॅडने हा रोग दिसत नाही. त्यासाठी ट्रॅकिंग सिग्नल नावाचं माप आहे: चिन्हांसकट चुकांची बेरीज भागिले मॅड. मूळ उदाहरणात बेरीज अधिक १, सिग्नल ०.२३, काळजी नाही. चढत्यात तीन महिन्यांनी १२ ÷ ४ = ३, चौथ्या महिन्याला ४, पाचव्याला ५. पुस्तकांत धोक्याची रेषा बहुधा अधिक-उणे ४ ची देतात. ती ओलांडली की आल्फा बदलत बसण्यात अर्थ नाही, पद्धतच बदलायची. चार्ल्स होल्ट याने १९५७ मध्ये वाढीचा वेगळा हिशेब ठेवणारं स्मूदिंग मांडलं ते यासाठीच. पुढे पीटर विंटर्सच्या १९६० च्या कामाने त्यात हंगामही आला.

हंगामाचं वेगळं सांगायला नको. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कूलर विकणाऱ्याने मार्च, एप्रिल, मेची सरासरी घेऊन जूनचा माल भरला तर पहिल्या पावसाबरोबर तो गोत्यात येईल. दुचाकीची गोष्ट त्याहून चकवणारी, कारण आपला मोठा सण इंग्रजी महिन्याशी बांधलेला नाही. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. ‘मागच्या वर्षीचा नोव्हेंबर’ पाहून यंदाच्या नोव्हेंबरचा अंदाज करणाऱ्याला आधी पंचांग उघडावं लागतं.

७. कोष्टकातला शून्य

एप्रिल २०२० मध्ये देशभर टाळेबंदी होती. मारुती सुझुकीने त्या महिन्यात देशात एकही गाडी विकली नाही. बजाज ऑटोची देशातली विक्रीही शून्य होती, जी थोडी वाहनं गेली ती निर्यातीची. वाहन कारखान्यांना भाग पुरवणाऱ्यांच्या रजिस्टरमध्ये त्या महिन्यासमोर काय लिहिलं गेलं असेल ते वेगळं सांगायला नको.

हा शून्य दोन्ही पद्धतींत कसा वागतो ते पाहू. ब्रॅकेटची मागणी दर महिन्याला ४२ हजार, मध्ये एक महिना शून्य, मग पुन्हा ४२. तीन महिन्यांच्या सरासरीत पुढचे तिन्ही अंदाज २८, २८, २८ येतात आणि चौथ्या महिन्यात काही झालंच नाही अशा थाटात ४२. ०.३ च्या स्मूदिंगमध्ये २९.४, ३३.१८, ३५.८३, ३७.६८ असा अंदाज हळूहळू सावरतो, पण चार महिन्यांनीही तो खालीच आहे. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज धक्का पूर्ण लक्षात ठेवते आणि मग पूर्ण विसरते. स्मूदिंग तो थोडाथोडा विसरत जातं.

दोन्ही अंदाज चुकीचे आहेत आणि त्यात सूत्रांचा दोष नाही. त्या महिन्यात गाड्या नको होत्या असं नव्हतं, दुकानं बंद होती. तो शून्य मागणीचा नाहीच. जाणता माणूस असा महिना हिशेबातून काढतो किंवा त्याच्या जागी त्या महिन्याचा अंदाजच मागणी म्हणून भरतो आणि शेजारी तसं लिहून ठेवतो. परीक्षेच्या कोष्टकात एखादा आकडा असा वेडावाकडा दिसला आणि प्रश्नात त्याबद्दल काही सांगितलं नसेल, तर मात्र तो आहे तसाच घेऊन गणित करायचं. शंका उत्तराच्या शेवटी एका ओळीत नोंदवायची.

८. एक पाऊल पुढे

हे वाचून संपण्याआधी वहीत एवढं करून पाहा. जुलै संपला आणि ब्रॅकेटची मागणी ४७ हजार निघाली. ऑगस्टचा अंदाज दोन्ही पद्धतींनी काढा, आल्फा ०.३ च ठेवा, आणि मूव्हिंग अ‍ॅव्हरेजसाठी एप्रिल ते जुलैचा मॅड व ट्रॅकिंग सिग्नलही काढा. ऑगस्टला ४३.३३ आणि ४३.८२ यायला हवेत. चुका ४, उणे ६, ३ आणि ४, मॅड ४.२५, सिग्नल सुमारे १.१८. ४३.३३ तुम्ही ऑगस्टसमोर लिहिला आहे ना, तेवढं तपासून घ्या.